टीव्हीचा वॉल ब्रॅकेट कसा निवडावा: भोकं, वजन, हाताची लांबी आणि चिऱ्याची भिंत

म्हापशाच्या काय किंवा मडगावच्या काय, कुठल्याही दुकानात ब्रॅकेट मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती इंची टीव्ही?" खोक्यावरही मोठ्या अक्षरांत "३२ ते ५५ इंच" असंच छापलेलं असतं. पण इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप आहे. ब्रॅकेट पडद्याला लागत नाही, तो टीव्हीच्या पाठीला लागतो, आणि तिथे दोन ५५ इंची टीव्ही एकमेकांपासून अगदी वेगळे असू शकतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी चार गोष्टी बघून ठेवायच्या: पाठीवरच्या भोकांचं माप, टीव्हीचं वजन, तो किती हलवायचा आहे, आणि मागची भिंत कशाची आहे. गोव्यात चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते, कारण इथल्या बहुतेक घरांच्या भिंती चिऱ्याच्या आहेत.

सगळं एका उदाहरणावरच पाहू. टीव्ही ५५ इंची, स्टँडशिवाय वजन १६ किलो, रुंदी १२३ सेंटीमीटर. घर चिऱ्याचं, हॉलमध्ये सोफा भिंतीपासून २८० सेंटीमीटरवर, आणि टीव्हीखाली एक बैठं कपाट. घरच्यांची इच्छा अशी की टीव्ही कधीकधी जेवणाच्या टेबलाकडेही वळवता यावा.

पहिली पायरी: पाठीवरची भोकं मोजा

टीव्ही त्याच्या पायांवर उभा असतानाच मागून मोजमाप घ्या, त्यासाठी पालथा घालायची गरज नाही. पाठीवर मोठी, आत धातूचे आटे असलेली चार भोकं चौकोनात दिसतील. झाकण धरून ठेवणारे बारीक स्क्रू आणि खालच्या पायांची भोकं यांत धरायची नाहीत. मोजायचं ते एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. मध्य नेमका सापडत नसेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येतं.

ही मापं व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्‌स असोसिएशन, म्हणजे व्हेसा या संघटनेने ठरवून दिलेली आहेत. ती मिलिमीटरमध्ये असतात. आधी आडवं अंतर, मग उभं: १०० × १००, २०० × २००, ३०० × ३००, ४०० × २०० अशी. तुमच्या टेपवर १९८ आलं तर ते २००च समजा. मात्र क्रम उलटा करू नका. ४०० × २०० आणि २०० × ४०० एक नव्हेत, आणि लहान ब्रॅकेटवर हा फरक लगेच नडतो.

आपल्या उदाहरणातलं माप ३०० × ३०० आहे. "कमाल ४०० × ४००" लिहिलेला ब्रॅकेट त्याला चालेल, कारण अशा ब्रॅकेटच्या दोन उभ्या पट्ट्या भिंतीवरच्या आडव्या पाटीवर सरकतात आणि पट्ट्यांना लांबट खाचा असतात. "कमाल २०० × २००" लिहिलेला चालणार नाही, मग खोक्यावर ५५ इंच छापलेलं असलं तरी. उलटी चूकही होते: ३२ इंची टीव्हीला मोठा ब्रॅकेट घेतला तर पाटी मागून बाहेर डोकावते किंवा एचडीएमआयच्या भोकांवरच येऊन बसते. म्हणून भोकांबरोबरच ती वायरची तोंडं कुठे आहेत याचा एक फोटो काढून ठेवा. तोंडं थेट मागे उघडत असतील तर भिंतीला अगदी चिकटणारा ब्रॅकेट घेता येत नाही. वायरच्या पिनलाच चार-पाच सेंटीमीटर जागा लागते, नाहीतर काटकोनात वळणारी पिन वेगळी घ्यावी लागते.

आता स्क्रू. १०० × १०० मापाच्या भोकांना साधारणपणे एम ४, आणि २०० × २०० व त्यापुढे एम ६ किंवा एम ८ स्क्रू लागतात. एम पुढचा आकडा म्हणजे स्क्रूची मिलिमीटरमधली जाडी. ब्रॅकेटच्या पिशवीत सगळे येतात, पण लांबी कुठली घ्यायची ते तुम्हालाच ठरवावं लागतं. त्यासाठी बॉलपेनची रिकामी रिफिल भोकात हलकेच टेकेपर्यंत घाला, खूण करा आणि मोजा. समजा १६ मिलिमीटर आत गेली. ब्रॅकेटची पट्टी आणि वॉशर मिळून ३ मिलिमीटर. टोकाशी २ मिलिमीटर मोकळे सोडायचे, म्हणजे स्क्रू जास्तीत जास्त १७ मिलिमीटरचा, आणि पिशवीतला १६चा बरोबर. त्यातले १३ मिलिमीटर आट्यांत बसतील. एम ६ला किमान सात-आठ मिलिमीटर तरी आत धरलेले हवेत. टीव्हीची पाठ फुगीर असेल किंवा भोकं खोलगट असतील तर मध्ये प्लास्टिकची नळी, म्हणजे स्पेसर लागतो. तेव्हा त्याची जाडी स्क्रूच्या लांबीत मिळवायची.

लांब स्क्रू हा टीव्ही बाद करण्याचा सर्वांत साधा मार्ग आहे. त्याचं टोक आतल्या पॅनेलला टेकतं आणि पडद्यावर ठिपका किंवा रेघ उमटते. पट्टी अजून ढिली असतानाच स्क्रू जड फिरू लागला, तर तो खाली टेकलेला आहे. तिथेच थांबा आणि आखूड घ्या. पाठीवरचे स्क्रू हातानेच पिळायचे, ड्रिल मशीनने कधीही नाही.

दुसरी पायरी: वजन

माहितीपुस्तिकेत दोन वजनं असतात, स्टँडसह आणि स्टँडशिवाय. आपल्याला दुसरं हवं. आजचे ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण ४ ते ६ किलोचे, ४३ इंची ७ ते १० किलोचे आणि ५५ इंची १४ ते १८ किलोचे असतात. पण कुणाच्या घरी जुना ४२ इंची प्लाझ्मा असेल तर तो एकटाच २५ किलोच्या वर जातो. इंचांवर भरवसा का ठेवू नये, ते यावरून कळेल.

ब्रॅकेटवर लिहिलेली किलोची मर्यादा त्याच्या लोखंडाची असते. भिंत आणि तिच्या भोकात स्क्रू धरून ठेवणारा प्लग किती धरतील याच्याशी तिचा संबंध नाही. भिंतीला चिकटणाऱ्या ब्रॅकेटसाठी टीव्हीच्या दीडपट मर्यादा असली तरी भागतं. हाताचा, म्हणजे टीव्ही भिंतीपासून पुढे खेचून वळवता येणारा ब्रॅकेट घ्यायचा तर दुप्पट धरा, कारण वजन मर्यादेच्या जवळ गेलं की बाहेर खेचलेला हात पुढच्या बाजूला झुकतो आणि टीव्हीची खालची कड आडवी दिसेनाशी होते.

तिसरी पायरी: स्थिर, कलता की हाताचा

दुकानात याला फिक्स, टिल्ट आणि फुल मोशन म्हणतात. स्थिर ब्रॅकेट टीव्हीला भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरतो, स्वस्त असतो आणि बिघडण्यासारखं त्यात काही नसतं. टीव्ही डोळ्यांच्या पातळीवर आणि सोफ्याच्या बरोबर समोर असेल तर दुसरा काही शोधू नका.

टीव्ही उंच लावायचा असेल तर कलता हवा. किती कलता, ते मोजता येतं. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०५ सेंटीमीटरवर असतात. आपल्या उदाहरणात खाली कपाट असल्यामुळे पडद्याचा मध्य १४० सेंटीमीटरवर येतो. फरक ३५, अंतर २८०. फरकाला अंतराने भागून ५७ने गुणलं की अंश मिळतात: सुमारे ७. म्हणजे १० किंवा १५ अंश खाली झुकणारा कुठलाही ब्रॅकेट पुरेल. हेच गणित २० अंशांच्या वर गेलं तर टीव्ही फार उंच आहे असं समजा. तिथे ब्रॅकेट बदलून मान दुखायची थांबणार नाही.

कलत्या ब्रॅकेटचा आणखी एक उपयोग म्हणजे छताच्या दिव्याची चमक पडद्यावरून जाते. बल्कांवाच्या दारातून किंवा समोरच्या खिडकीतून येणारी आडवी चमक मात्र कलवून जात नाही. तिला टीव्ही डावी-उजवीकडे वळवावा लागतो, किंवा दार-खिडकीला पडदा लावावा लागतो. पडदा स्वस्त आहे.

आता हाताचा ब्रॅकेट. इथे दोन गणितं करावी लागतात, आणि बहुतेक फसगती ती न केल्यामुळे होतात.

पहिलं गणित वळण्याचं. टीव्ही मध्यावर फिरतो, तेव्हा त्याची एक कड भिंतीकडे जाते. ३० अंश वळवायचा तर मध्य भिंतीपासून निदान टीव्हीच्या रुंदीच्या पावपट बाहेर यायला हवा: आपल्या १२३ सेंटीमीटरच्या टीव्हीला सुमारे ३१ सेंटीमीटर. ४५ अंशांसाठी रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे ४३ सेंटीमीटर. खोक्यावर "९० अंश फिरतो" असं लिहिलेलं असतं ते लहान टीव्हीसाठी खरं असतं. २५ सेंटीमीटर बाहेर येणारा हात आपल्या टीव्हीला २४ अंशांच्या पुढे नेणार नाही, कड भिंतीला लागेल. कोपऱ्याजवळ लावणार असाल तर बाजूची भिंतही मोजा.

दुसरं गणित ओढीचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. टीव्ही भिंतीला चिकटून असतो तेव्हा त्याचं वजन स्क्रूंना खाली दाबतं. हात बाहेर काढला की तेच वजन पाटीच्या वरच्या कडेला भिंतीतून उपटू लागतं, पहारीने दगड उचकटावा तसं. ओढ काढायची ती अशी: वजन गुणिले बाहेरचं अंतर, भागिले पाटीवरच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधलं अंतर. टीव्ही १६ किलो, हात ४५ सेंटीमीटर बाहेर, स्क्रूंमध्ये २० सेंटीमीटर: ३६ किलो. हाताचं स्वतःचं चारेक किलो वजन धरलं की ४० किलो. हाच हात मिटून टीव्ही ७ सेंटीमीटरवर आणला तर ओढ सहा-सात किलोंवर येते. तोच टीव्ही, तेच स्क्रू, पण ओढ सहापट.

यावर टीव्ही बाजूला वळवताना आपण कडेला धरून खेचतो ते वेगळं, आणि हात एका बाजूला गेला की पाटीच्या एकाच कोपऱ्यावर जास्त भार येतो. म्हणून वरचे दोन स्क्रू प्रत्येकी २० किलो ओढीचे निघाले, तर प्लग ८० किलो धरणारा हवा, चौपट. पाटीची उंची जितकी जास्त तितकी ओढ कमी. दोन सारख्याच दिसणाऱ्या हातांमधून निवडायचं असेल तर उंच पाटीचा घ्या. स्वस्त ब्रॅकेटमध्ये हात लांब आणि पाटी तळहाताएवढी असते. तो ५५ इंची टीव्हीसाठी घेऊ नये.

चौथी पायरी: भिंत ओळखा

चिरा हा सच्छिद्र दगड आहे. त्यात लहान-मोठी पोकळी असते, काही चिरे घट्ट तर शेजारचेच भुसभुशीत असतात, आणि सांध्यात सिमेंटचा किंवा जुन्या घरांत मातीचा लगदा असतो. वरून गिलावा सगळं झाकून टाकतो. फ्लॅटमध्ये भिंत सिमेंटच्या ब्लॉकची किंवा हलक्या एएसी ब्लॉकची असू शकते, आणि काँक्रीट फक्त खांब व तुळईत असतं.

ओळखण्यासाठी टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि भुकटीकडे बघा. लालसर-तपकिरी, खरखरीत भुकटी म्हणजे चिरा. करडी आणि ड्रिल जड चालतंय म्हणजे काँक्रीट. करडी पण ड्रिल सहज जातंय तर सांधा किंवा सिमेंटचा ब्लॉक. पांढरी, पिठासारखी म्हणजे एएसी. ड्रिल मध्येच धपकन आत गेलं तर पोकळी, ती जागा सोडा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला भोक पाडू नका, वायर बहुधा त्याच रेषेत जाते.

मेस्त किंवा टीव्ही बसवायला आलेला माणूस बहुधा पिशवीतलेच प्लग वापरतो. ते आखूड असतात. गिलावा दीड-दोन सेंटीमीटर, जुन्या घरांत त्याहून जाड. पाच सेंटीमीटरच्या प्लगचा मोठा भाग गिलाव्यातच राहतो आणि गिलावा काहीच धरत नाही. चिऱ्यासाठी १० मिलिमीटर जाडीचा, ८ ते १० सेंटीमीटर लांब नायलॉनचा प्लग घ्या आणि तो गिलाव्याच्या आत, दगडात जाईल असा बसवा. भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवा. ठोक्यांनी चिरा खपली-खपलीने सुटतो, १० मिलिमीटरचं भोक १२चं होतं आणि प्लग त्यात नुसता गोल फिरतो. भोकातली भुकटी फुंकून, ब्रशने पूर्ण काढायची.

लोखंडी अँकर बोल्ट, जो घट्ट करताना आत फुगतो, तो काँक्रीटसाठी आहे. चिऱ्यात तो फुगतो तसा आजूबाजूचा दगड चिरडतो. पिळताना घट्ट झाल्यासारखा वाटतो, मग अचानक सैल पडतो. हाताचा ब्रॅकेट चिऱ्यावर लावायचाच असेल तर केमिकल अँकर वापरावा: भोकात जाळीची नळी, त्यात नळकांड्यातलं मिश्रण, मग आटे असलेली सळई. ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण द्या, ओल्या भिंतीत त्याहून जास्त. भिंतीची दुसरी बाजू आपलीच असेल तर बोल्ट आरपार नेऊन मागे लोखंडी पट्टी लावणं सर्वांत भक्कम.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडची भिंत बाहेरून भिजत राहते. प्लास्टिकचा फूटभर चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. त्याच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. तिथे टीव्ही लावू नका, किंवा आधी बाहेरून दुरुस्ती करा. कोरड्या भिंतीवरही मागे चार-पाच सेंटीमीटर हवा खेळू देणारा कलता ब्रॅकेट चिकटणाऱ्यापेक्षा बरा. मिरामार, कळंगुट, वास्कोसारख्या समुद्राजवळच्या घरांत भिंतीतले स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, जमल्यास ३१६ दर्जाचे, आणि ब्रॅकेट पावडर कोटिंगचा. खारी हवा साध्या स्क्रूचं डोकं आधी खाते, आणि ते टीव्हीमागे असल्यामुळे दिसत नाही.

मग उदाहरणातल्या घराने काय घ्यावं

जेवणाचं टेबल सोफ्याच्या रेषेपासून साधारण ४० अंश बाजूला आहे. तेवढं वळायला मध्य सुमारे ४० सेंटीमीटर बाहेर यावा लागेल, म्हणजे वरच्या स्क्रूंवर ३५ किलोंच्या आसपास ओढ, तीही चिऱ्यात आणि रोजच्या हलवाहलवीसह. चाचणीच्या भोकात भुसभुशीत दगड लागला तर हाताचा नाद सोडून ४०० × ४०० कमाल मापाचा, ३० किलोंच्या वरचा, १० ते १५ अंश कलणारा ब्रॅकेट घ्यावा. पडदा बाजूनेही बऱ्यापैकी दिसतो, विशेषतः पॅनेल आयपीएस जातीचं असेल तर. घट्ट चिरा लागला आणि वळवणं खरंच रोजचं असेल, तरच उंच पाटीचा, ४५ सेंटीमीटर हाताचा ब्रॅकेट केमिकल अँकरवर बसवावा.

ज्यांच्या हॉलमध्ये चवथीला त्याच भिंतीशी गणपती बसतो आणि वर माटोळी बांधतात, त्यांनी घेतानाच बघावं की टीव्ही स्क्रू न काढता उचलून काढता येतो का. बहुतेक स्थिर आणि कलत्या ब्रॅकेटवर टीव्ही नुसता अडकवलेला असतो आणि खाली एक दोरी किंवा कुलूप-स्क्रू असतो. पण उचलण्यासाठी वर दोन-तीन सेंटीमीटर मोकळे लागतात, म्हणून टीव्ही फळीच्या किंवा तुळईच्या अगदी खाली टेकवून लावू नका.

लावल्यावर

दोन माणसांनी टीव्ही अडकवावा आणि खालचं कुलूप लागल्याचा आवाज किंवा झटका येईपर्यंत हात सोडू नये. कलत्या ब्रॅकेटवर टीव्ही हळूहळू आपोआप खाली मान टाकू लागला तर बाजूचे घर्षणाचे स्क्रू ढिले आहेत, ते पाव फेरा घट्ट करा. हाताचा ब्रॅकेट एका बाजूला कलला असेल तर पाटीला हात लावण्यापूर्वी त्याच्या तोंडाशी असलेला पातळी जुळवण्याचा स्क्रू फिरवून बघा.

आठवड्याने, आणि मग पहिला पावसाळा संपल्यावर, पाटीच्या वरच्या कडेला आणि भिंतीला मध्ये साधा कागद सरकवून बघा. बसवताना जात नव्हता आणि आता जातो, किंवा वर गिलाव्यात केसाएवढी आडवी चीर दिसते, तर वरचे प्लग बाहेर येत आहेत. स्क्रू पुन्हा पिळून उपयोग नाही, ते त्याच सैल भोकात फिरतील. टीव्ही खाली उतरवा, पाटी काढा आणि जुन्या भोकापासून निदान आठ-दहा सेंटीमीटर दूर, घट्ट दगडात नवी भोकं पाडा.